दोन लाख बुकिंग, पण गिऱ्हाईक कुठे?

एप्रिल २००९ मध्ये टाटा मोटर्सने नॅनोची नोंदणी सुरू केली. अवघ्या सतरा दिवसांत २ लाख ६ हजार ७०३ लोकांनी पैसे भरून गाडीसाठी नाव नोंदवलं. गाड्या कमी आणि मागणारे जास्त, म्हणून पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून करावी लागली. त्यानंतर दीड वर्षाने, नोव्हेंबर २०१० मध्ये, कंपनीने देशभरात मिळून महिन्याला फक्त ५०९ नॅनो विकल्या. नॅनोच्या अपयशाचा उलगडा या दोन आकड्यांच्या मधल्या काळात होतो.

एक लाखाच्या किमतीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. भर पावसात स्कूटरवरून चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना स्वस्त आणि सुरक्षित वाहनाची कल्पना सुचली. पण ‘एक लाख’ हा आकडा कोणत्याही बाजार पाहणीतून आलेला नव्हता. २००३ च्या सुमारास जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात एका पत्रकाराशी बोलताना टाटांनी तो अंदाजाने सांगितला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला, आणि त्यांनी त्याचा खुलासा करण्याऐवजी तेच उद्दिष्ट मानलं. म्हणजे आधी किंमत ठरली आणि मग त्या किमतीत बसणारी गाडी शोधायची होती. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ते काम केलं, आणि अभियांत्रिकी म्हणून त्याला दाद द्यावीच लागते. मागच्या बाजूला ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट, पंधरा लिटरची टाकी. मागचं दार उघडतच नसे; सामान ठेवायचं तर मागची सीट पुढे पाडून आतून ठेवावं लागे. सर्वांत स्वस्त प्रकारात एसी नव्हता.

अशा गाडीला गिऱ्हाईक कोण? कंपनीच्या मनात होता दुचाकीवाला. नोंदणीच्या आकड्यांत मात्र वेगळंच दिसत होतं. सर्वांत स्वस्त मूळ प्रकार मागणारे साधारण वीस टक्के होते, तर निम्म्या नोंदण्या सर्वांत महागड्या ‘एलएक्स’ प्रकाराला मिळाल्या होत्या. एक लाखाची गाडी म्हणून गाजलेल्या मोटारीच्या बहुतेक ग्राहकांना एक लाखाची गाडी नकोच होती. त्यांना एसी हवा होता, रंग हवा होता, पाहणाऱ्याला भरलेली वाटेल अशी गाडी हवी होती. हा इशारा मे २००९ मध्येच कंपनीच्या हाती आला होता. त्याच क्षणी जाहिरातीचा सूर बदलायला हवा होता असं आज वाटतं. पण त्या वेळी दोन लाख नोंदण्यांच्या झगमगाटात ही टक्केवारी झाकली गेली.

दुचाकीवाल्याने मात्र आपला हिशेब केला. त्या काळी बऱ्यापैकी मोटारसायकल पंचेचाळीस हजारांच्या आसपास येई. नॅनोचा मूळ प्रकार दिल्लीत शोरूममध्येच सव्वा लाखाच्या घरात होता; त्यावर विमा आणि नोंदणीकर. समजा, एखादा माणूस महिन्याला ६०० किलोमीटर फिरतो. मोटारसायकल लिटरला साठ किलोमीटर देत असेल, तर त्याला दहा लिटर पेट्रोल पुरे. नॅनो शहरात लिटरला वीस देते असं धरलं, तर तीस लिटर लागणार. पंचावन्न रुपये लिटरच्या भावाने साडेपाचशेचा खर्च एकदम साडेसोळाशेवर जातो, आणि त्यावर कर्जाचा हप्ता. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं, तेव्हा पुढे हा आकडा कुठे जाईल याचा भरवसाही उरला नाही. शिवाय ज्याची मिळकत कागदावर दाखवता येत नाही, त्याला कर्ज द्यायला बँका आणि वित्तसंस्था का-कू करत. नोंदणी करणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांनी कर्जाचाच आधार घेतला होता, हे लक्षात घेतलं की ही अडचण किती मोठी होती ते कळतं.

ज्याला हप्ता परवडत होता, त्याच्यापुढे दुसरी वाट होती. आणखी लाखभर रुपये घातले की नवी अल्टो मिळत होती, किंवा नॅनोच्याच पैशांत वापरलेली मारुती ८००. दोन्हींच्या नावाला ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद चिकटलेलं नव्हतं. आपल्याकडे मोटार घेणं म्हणजे चार नातेवाइकांना, शेजाऱ्यांना पेढे वाटायचा प्रसंग. तिथे ‘गरिबाची गाडी’ दारात उभी करायला कोण पुढे येणार? रतन टाटांनी २०१३ मध्ये हे उघडपणे मान्य केलं. लोकांनी, आणि दुर्दैवाने कंपनीनेही, नॅनोला सर्वांत स्वस्त गाडी म्हणून पुढे केलं, असं ते म्हणाले.

वेळेचा घोटाळा याहूनही महागात पडला. मूळ कारखाना पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला उभा राहत होता. जमिनीच्या आंदोलनामुळे ३ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने तिथून निघण्याचं जाहीर केलं आणि नवा कारखाना गुजरातेत साणंदला गेला. तो जून २०१० मध्ये सुरू झाला. तोवर उत्तराखंडातल्या पंतनगरला मर्यादित संख्येने गाड्या बनत होत्या. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी पाहायला उसळलेल्या गर्दीला शोरूममध्ये जाऊन गाडी विकत घेता येत नव्हती. सोडत लागलेल्यांना ठरलेल्या भावाने गाड्या पोचत राहिल्या, म्हणून विक्रीचे आकडे काही काळ बरे दिसले. प्रत्यक्षात तो जुना साठलेला पुरवठा होता, नवी मागणी नव्हती. हे दोन्ही वेगळे न मोजणं ही नव्या मालाच्या बाबतीत नेहमी होणारी चूक आहे. साणंदला वर्षाला अडीच लाख गाड्या बनवण्याची सोय तयार झाली, नेमकी त्याच वेळी रांग संपत आली.

त्यातच आगीच्या बातम्या आल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेली जाणारी नवी कोरी नॅनो रस्त्यात पेटली. कंपनीने नोव्हेंबरमध्ये गाड्यांना मोफत जादा संरक्षक भाग बसवून देण्याची तयारी दाखवली, पण कुटुंबाला स्कूटरपेक्षा सुरक्षित वाहन देण्याचं वचन हाच तर या गाडीचा पाया होता. त्याला गेलेला तडा भरून निघाला नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले.

डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने चार वर्षांची हमी, महिना ९९ रुपयांत देखभाल आणि सोप्या कर्जाच्या योजना आणल्या. विक्री लगेच हजारोंत गेली, आणि २०११-१२ मध्ये वर्षाला चौऱ्याहत्तर हजारांवर पोचली. किंमत आणि कर्ज यांचा अडसर खराच होता, हे यावरून सिद्ध होतं. पण ते वर्ष शिखराचं ठरलं, आणि तेही कारखान्याच्या क्षमतेच्या एक तृतीयांशाखाली. त्यानंतर उतरणच लागली.

मे २०१५ मध्ये ‘जेनएक्स’ नॅनो आली. तिला उघडणारं मागचं दार होतं, पॉवर स्टिअरिंग होतं, वरच्या प्रकारांत आपोआप बदलणारे गिअरही होते. किंमत दोन लाखांपासून सुरू होत होती. चार महिन्यांनी रेनॉने क्विड बाजारात आणली, अडीच लाखांहून थोडी महाग, पण दिसायला उंच आणि दणकट, नव्या पडद्यासह. छोट्या गाडीचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. जून २०१८ मध्ये साणंदला महिनाभरात एकच नॅनो बनली. त्याच कारखान्यात तोवर टियागोचं उत्पादन सुरू होतं. २०१६ मध्ये ती ३ लाख २० हजारांपासून विकायला काढली होती, आणि ती खपत होती.