सातव्या गाडीचं काय करायचं?

तालुक्याच्या गावातलं एसटी स्टँड. संध्याकाळचे सहा. फाटकाबाहेर ओळीने गाड्या लागलेल्या. सहा वडापावच्या, एक पाणीपुरीची, एक चायनीजची, एक उसाच्या रसाची. माझी मामेबहीण, आमची ताई, दोन वर्षांपूर्वी याच ओळीत सातवी वडापावची गाडी घेऊन उभी राहिली. भावजींचं दुकान बंद पडलेलं, मुलगी बारावीला. घरात ताईचा वडा सगळ्यांना आवडायचा, मग चालणारच की!

नाही चालला. वडा वाईट नव्हता हो. पण स्टँडवरचा माणूस चव बघून गाडी निवडत नाही. रोजची ओळखीची किंवा फाटकाजवळची गाडी बघतो, पटकन घेतो आणि गाडीत बसतो. ताईचे शंभरातले तीस-चाळीस वडे खपायचे. बटाट्याचं सारण उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबायचं, तळणीचं तेल काळं पडायचं. दीड महिन्यात हातातले पैसे संपत आले. तिने पावाची किंमत कमी केली, तर शेजारच्यांनीही केली. नुकसान सगळ्यांचंच.

मग तिने एक शहाणपणाचं काम केलं. आठवडाभर गाडी बंद ठेवली आणि संध्याकाळी वही घेऊन स्टँडच्या बाकावर बसली. खाणारे मोजले नाहीत, न खाता जाणारे मोजले. दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या बायका, तपासणीचे कागद हातात घेतलेले काका, क्लासहून सुटलेल्या मुली, ऑफिसातून परतणाऱ्या शिक्षिका. या बायका गाड्यांकडे बघायच्या आणि पर्समधलं बिस्किट काढायच्या. दोघी-तिघींना तिने विचारलंच. उत्तर एकच, "तळलेलं नको वाटतं गं, आणि मैदा तर नकोच."

मैत्रिणींनो, गर्दीत वेगळं दिसायचं म्हणजे गाडीला रंगीत दिवे लावणं नव्हे, की एकाच गाडीवर वीस पदार्थ करणं नव्हे. समोरून उपाशी जाणारं माणूस कोण आहे आणि त्याला शेजारचा काय देऊ शकत नाही, एवढंच शोधायचं. ताईचं उत्तर निघालं थालीपीठ. भाजणीचं, समोर थापलेलं, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला ठेचा.

पण घरचं थालीपीठ आणि गाडीवरचं थालीपीठ यात फरक आहे. वडा तळून ठेवता येतो, गिऱ्हाईक आलं की अर्ध्या मिनिटात हातात. थालीपीठ मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग व्हायला सहा-सात मिनिटं घेतं. एका तव्यावर तासाला आठ-नऊच. पहिल्याच संध्याकाळी चार बायका एकदम आल्या. चौथीचं थालीपीठ उलथेपर्यंत तिची एसटी निघून गेली! आच मोठी केली तर वरून करपलं, आत कच्चं.

दुसरा घोळ पिठाचा. घरच्यासारखं तिने सगळं पीठ संध्याकाळी एकदमच कांदा-मीठ घालून भिजवलं. चिरलेल्या कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं. अर्ध्या-पाऊण तासात गोळा सैल, फडक्यावरून उचलेना. मग तिने त्यात कोरडी भाजणी मिसळली आणि थालीपीठं झाली कडक. "ताई, दात पडतील," असं एक आजी तोंडावर म्हणाल्या.

दोन्हींवर उपाय सापडले. तिने एका वेळी चार मावतील असा मोठा सपाट तवा घेतला. पीठ आठ थालीपीठांपुरतंच भिजवायचं आणि कांदा त्याच वेळी घालायचा. सव्वासहाची गाडी यायच्या दहा मिनिटं आधी चार थालीपीठं एका बाजूने भाजून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की उलटून, भोकात तेल सोडून, दोन-तीन मिनिटांत गरम हातात. अर्धवट भाजलेली मात्र अर्ध्या तासावर ठेवायची नाहीत, चामट होतात. अशी राहिली तर ती घरी येतात, गिऱ्हाइकाला जात नाहीत. थापायचं ओलं फडकं दर तासाला बदलायचं. आंबट वास फडक्यालाच आधी येतो.

तिचा हिशेबही सांगते, कारण आपण बायका इथेच फसतो. एक किलो भाजणीत तेरा-चौदा थालीपीठं होतात. धान्य, भाजायचा गॅस आणि दळण धरून भाजणी तिला किलोला साधारण 110 रुपये पडली, म्हणजे एका थालीपिठाला आठ. कांदा, कोथिंबीर, तिखट, तेल यांचे पाच. गाडीवरचा गॅस दोन. लोणी-ठेचा पाच. पत्रावळ एक. झाले एकवीस. विकते चाळीसला. संध्याकाळी पस्तीस गेली तर साडेसहाशेच्या आसपास सुटतात, आणि त्यातच तिची मेहनत आली. वडापावच्या गाडीइतकी संख्या कधीच होणार नाही, हे तिने मान्य केलंय. पण टाकून द्यावं लागत नाही. भिजवलेलं पीठ थोडं, कोरडी भाजणी डब्यात सुरक्षित.

तीन महिन्यांनी ओळीत दुसरी थालीपिठाची गाडी आलीच. तयार विकतचं पीठ, दर तीस रुपये. ताई घाबरली. पण तिने दर उतरवला नाही, कारण तिचं वेगळेपण भाजणीत होतं. प्रमाण असं: ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, तांदूळ एक, गहू एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ अर्धी, धणे पाव वाटी, थोडं जिरं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ लवकर होतात, डाळींना वेळ लागतो. डाळ गुलाबीसर होऊन वास सुटला की उतरवायची. पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्यायचं, नाहीतर वाफेने पिठाला दमट वास धरतो. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून दळण दहा-बारा दिवसांपुरतंच. तव्यावर पडल्यावर जो वास सुटतो, तो विकतच्या पिठाला येत नव्हता. दोन महिन्यांनी ती दुसरी गाडी भजी तळायला लागली.

कागदपत्रांचंही बघा. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, लहान गाडीलाही. 2014 च्या कायद्याप्रमाणे फेरीवाल्याला नगरपरिषदेकडून विक्रीचं प्रमाणपत्र मिळतं. नगरपरिषदेत जाऊन सर्वेक्षणात नाव आहे का, हे विचारून घ्या. आणि हो, हे ज्या कागदावर वाचताय, त्यात खाणं बांधून देऊ नका. छपाईची शाई अन्नाला लागते, त्याला मनाई आहे.

पावसाळ्यात मात्र अजूनही ताईची गाडी अर्धी रिकामीच असते. छत गळतं, बायका थांबत नाहीत. त्या महिन्यांत ती ओळखीच्या शिक्षिकांना घरून भाजणी देते.

परवा मी स्टँडवर उतरले. वड्याच्या सहाही गाड्यांवर गर्दी होतीच. ताईकडे पाचच बायका. पण पाचही जणी बाकावर बसून, पत्रावळ मांडीवर घेऊन, गाडीची वेळ होईपर्यंत निवांत खात होत्या. त्यातल्या एका आजींनी जाताना विचारलं, "उद्या असशील ना गं?"