टील, टर्क्वाइज आणि सायन: निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचे तीन रंग

ऑनलाइन दुकानात साडीखाली ‘टील’ लिहिलेलं असतं, शेजारच्या साडीखाली ‘टर्क्वाइज’, आणि दोन्हींचे फोटो पाहून आपण दोघींनाही मोरपंखीच म्हणतो. डोळ्यांनी हा वाद सुटत नाही, कारण निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो हे प्रत्येक जण आपापल्या जागी ठरवतो. आकड्यांनी तो बराचसा सुटतो, पण त्यातही एक चकवा आहे.

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून तयार होतो. प्रत्येकाचं प्रमाण ० ते २५५ असं मोजतात. पण हे तीन आकडे पाहून रंग डोळ्यांसमोर येत नाही. ही अडचण ओळखून अल्वी रे स्मिथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये HSV ही पद्धत मांडली. H म्हणजे ह्यू, रंगचक्रावरची जागा, अंशांत मोजलेली: लाल ० अंशावर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. S म्हणजे रंग किती चोख आहे, आणि V म्हणजे तो किती उजळ आहे. हिरवा आणि निळा यांच्या बरोबर मध्यावर १८० अंश येतात. आपले तिन्ही रंग याच भागातले.

वेबपानांसाठी ठरलेल्या रंगनावांमध्ये turquoise चे आकडे लाल ६४, हिरवा २२४, निळा २०८ असे आहेत. याचा ह्यू कागदावरही काढता येतो. सर्वांत मोठा आकडा हिरव्याचा, म्हणून सुरुवात १२० अंशांपासून करायची. मोठ्यातून लहान वजा केला की १६० उरतात. निळ्यातून लाल वजा केला की १४४. १४४ भागिले १६० म्हणजे ०.९, त्याला ६० ने गुणलं की ५४. म्हणून ह्यू १२० अधिक ५४, म्हणजे १७४ अंश. मध्यरेषेच्या सहा अंश अलीकडे, हिरव्याच्या बाजूला.

आता teal घ्या: लाल ०, हिरवा १२८, निळा १२८. हिरवा आणि निळा समसमान, म्हणजे ह्यू नेमका १८०. आणि cyan? लाल ०, हिरवा २५५, निळा २५५. याचाही ह्यू १८०! चकवा तो हाच. दिसायला इतके वेगळे असलेले हे दोन रंग ह्यूच्या दृष्टीने एकच आहेत. फरक सगळा V मध्ये आहे: सायनचा उजळपणा १०० टक्के, टीलचा सुमारे ५०. टील म्हणजे अंधारलेला सायन. म्हणून नुसता ह्यू पाहून या दोघांना वेगळं करायला जाणारा फसणारच. ह्यूवरून रंग हिरव्याकडे झुकतो की निळ्याकडे एवढंच कळतं. टील की सायन हे उजळपणा सांगतो.

फोटोतून रंग टिपताना आणखी जपावं लागतं. समजा दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत कापडाच्या एका ठिपक्याचे आकडे लाल २०, हिरवा १२०, निळा १३० आले, तर ह्यू होतो साधारण १८५. तेच कापड घरातल्या पिवळ्या दिव्याखाली धरलं आणि कॅमेऱ्याने तो पिवळेपणा नीट काढून टाकला नाही, तर लाल ४०, हिरवा १३०, निळा ११५ असं काही येऊ शकतं. ह्यू एकदम १७०! कापड तेच, पण निळ्या बाजूचा रंग हिरव्या बाजूला गेला. फोटोत पांढरी वस्तू पांढरीच दिसते का, हे म्हणून आधी बघावं.

राखाडीकडे झुकलेल्या फिक्या रंगांवर तर ह्यूचा भरवसाच धरू नये. १२०, १२६, १२५ या आकड्यांचा ह्यू १७० येतो. निळा फक्त दोनने वाढवून १२७ केला, की तोच सुमारे १८९ वर उडी मारतो. डोळ्याला तो फरक जाणवतही नाही. S पाच-सात टक्क्यांइतका कमी असेल तेव्हा ह्यूवरून नाव ठरवूच नये, हे माझं ठाम मत आहे.

गिंपसारख्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये रंग टिपायचं साधन असतं. त्यात हे तिन्ही आकडे दिसतात. संगणकावर चित्रं तपासणाऱ्या ओपनसीव्हीमध्ये नेहमीच्या आठ-बिटी चित्रांसाठी मात्र ह्यू निम्मा करून ठेवतात, त्यामुळे तिथे सायन १८० नव्हे तर ९० वर सापडतो. नवखे इथे हमखास अडखळतात.

ब्लाउजपीस जुळवायला, भिंतीचा रंग सांगायला किंवा छपाईसाठी रंग कळवायचा असेल, तर ‘टील’ एवढंच लिहून थांबू नका. ह्यू, चोखपणा आणि उजळपणा असे तिन्ही आकडे लिहा, आणि शक्य असेल तर रंगाचा नमुना प्रत्यक्ष पाठवा.