पाचव्या माळेला ‘तूच माझं सर्वस्व’

मागे आवाज येतोय ना? बरं. मघाशी एक चिठ्ठी आली आहे : ‘ओळख होऊन चारच दिवस झाले आणि तो म्हणतो, तुझ्याशिवाय जगू शकत नाही. हे खरं समजायचं का?’

आपल्या नाक्यावरचंच उदाहरण घेऊ, काल्पनिक. दुसऱ्या माळेला देवीच्या दर्शनाच्या रांगेत ओळख झाली, नंबर दिले-घेतले. पाचव्या माळेला तो म्हणाला, लग्न करीन तर तुझ्याशीच. रोज शंभर मेसेज, ऑफिसच्या पत्त्यावर फुलं.

आता एवढ्यावरून काहीच ठरत नाही. प्रेमात नव्यानं पडलेला माणूस असाच वागतो. डोरोथी टेनॉव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली या अवस्थेवर पुस्तकच लिहिलं आणि तिला ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. डोक्यात सतत तीच व्यक्ती, नकाराची धास्ती. त्यात लबाडी नसते.

लव्ह-बॉम्बिंग हा शब्द मात्र प्रेमिकांचा नाहीच मुळी. १९७० च्या दशकात अमेरिकेत सन म्युंग मून यांच्या पंथाच्या संदर्भात तो गाजला. नवख्या माणसावर कौतुकाचा इतका वर्षाव करायचा, की त्याला निघून जाणं जड व्हावं. म्हणजे ओझं मुद्दाम चढवलेलं. गंमत अशी की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मग ओळखायचं कसं? तिनं एक छोटासा, खराखुरा नकार द्यावा. परीक्षा म्हणून नव्हे. आपल्याला जे खरोखर नको आहे तेच सांगावं. समजा ती म्हणाली, “गुरुवारी मी मैत्रिणीबरोबर तलावपाळीला जातेय, रात्री फोनवर नसेन. आणि लग्नाचं एवढ्यात नको बोलूया.”

भारावलेला मुलगा हिरमुसेल. एखादा रडका मेसेजही पाठवेल. पण शुक्रवारी विचारेल, मजा आली का? आणि लग्नाचा विषय खरंच बाजूला ठेवेल. दुसरा म्हणेल, “मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तुला मैत्रीण महत्त्वाची?” इथे फुलांचं बिल आलं बघा! किंवा तो दोन दिवस गप्प राहील, मग दुप्पट मोठा गुच्छ घेऊन कोपऱ्यावर उभा. नकार ऐकलाच नाही, विकत घेतला.

एका रुसव्यावरून शिक्का मारू नका हं. चांगली माणसंही रुसतात. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी काय होतं ते पाहा. आणि हेही खरं, की असं वागणारा प्रत्येक जण कट रचूनच येतो असं नाही. काहींना एकटं पडण्याची भीती असते, माणूस घट्ट धरून ठेवायची तीच एक रीत ठाऊक असते. पण त्याचा हेतू काय, हे शोधणं तिचं काम नाही. गुरुवारी मैत्रिणीकडे जायला तिला भीती वाटायला लागली आहे का, एवढंच तिनं बघावं.

आणि हो, चौथ्या दिवशी पैसे मागितले तर एवढा विचारसुद्धा करायचा नाही. दिले असतील, तर लगेच १९३० वर फोन.

पुढची चिठ्ठी?