ओत्सुकारेसामा, आणि त्यानंतरचं इंग्रजी

पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा जपानमध्ये दुपारचा दीड झालेला असतो. हिंजवडीतल्या एखाद्या टीमची नागोयाच्या ग्राहकाबरोबर रोजची बैठक याच सुमाराला होते, कारण तिकडे बारा ते एक जेवणाची सुट्टी असते आणि इकडे दहाच्या आधी सगळे जागेवर सापडत नाहीत. कॅमेरे चालू होतात आणि नुकताच जपानीचा क्लास लावलेला पुण्याचा तरुण मोठ्या उत्साहाने म्हणतो, ‘ओहायो गोझाइमास!’ पडद्यावरची माणसं हसून मान लववतात. कोणी चूक दाखवत नाही. पण ‘ओहायो’ हे सकाळचं, साधारण साडेदहा-अकरापर्यंतचं अभिवादन आहे. दुपारी दीडला ऐकणाऱ्याच्या कानाला ते ‘शुभ सकाळ’सारखंच लागतं. अभिवादन ऐकणाऱ्याच्या भाषेत करायचं, तर घड्याळही ऐकणाऱ्याचंच बघावं लागतं, हे पहिल्याच वाक्यात समजतं.

त्या वेळेला चालणारा शब्द आहे ‘ओत्सुकारेसामा देस’. शब्दाच्या मुळाशी थकवा आहे. ‘तुम्ही श्रमलात, त्याची जाण आहे’ असा त्याचा भाव. मात्र त्याचा अर्थ धरून कोणी बसत नाही. दुपारी जिन्यात भेटलेल्याला आपण ‘काय, जेवलात का?’ म्हणतो तेव्हा जेवणाची चौकशी करायची नसते, तसंच हे. सकाळ टळली की एकाच कंपनीतली माणसं एकमेकांना दिवसभर हेच म्हणतात. समोर बाहेरचा ग्राहक असेल, तर रीतीचं वाक्य वेगळं: ‘ओसेवा नि नात्ते ओरिमास’, म्हणजे आम्हाला आपला आधार आहे. आणि कामाला हात घालताना दोन्ही बाजू म्हणतात, ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’. याचं भाषांतर करताना शब्दकोश दमतात, पण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहिणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. एकच शब्द टाळायचा. ‘गोकुरोसामा’ हाही श्रमांचीच दखल घेतो, पण तो वरच्याने खालच्याला म्हणायचा. ग्राहकाला म्हटला, तर कारकुनाने साहेबाची पाठ थोपटल्यासारखं होतं.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणूस काही ठिकाणी भाग्यवान आहे. ‘त्सु’ म्हणताना अनेक परदेशी लोकांची जीभ अडखळते. ‘चमचा’मधला दंततालव्य च लहानपणापासून उच्चारणाऱ्याला तो ध्वनी घरचाच आहे. ‘गोझाइमास’मधला झही ‘झाड’मधल्या झच्या शेजारचा. ‘देस’ आणि ‘मास’ रोमन लिपीत लिहिले की शेवटी ‘यू’ दिसतो. बोलण्यात तो जवळजवळ ऐकू येत नाही, आणि अकारान्त शब्द हलन्त म्हणायची आपली सवय इथे कामी येते. अडचण उरते ती स्वरांच्या लांबीची. मराठीत इ-ई आणि उ-ऊ वेगळे लिहितात, पण ‘ओ’ एकच आहे. जपानीत तो आखूडही असतो आणि लांबही, आणि लांबी बदलली की शब्द बदलतो. ओनो आणि ओऽनो ही दोन निराळी आडनावं आहेत. एका टीममध्ये दोन्ही आडनावांची माणसं असणं अशक्य नाही, आणि मराठी तोंडून दोघांनाही सारखीच हाक जाते.

आडनावाला ‘सान’ लावायचं, ते दुसऱ्याच्या. स्वतःची ओळख ‘मी कुलकर्णी-सान’ अशी करून देणं म्हणजे ‘मी कुलकर्णीसाहेब’ म्हणण्यासारखंच. एवढं जमलं, की अभिवादन पार पडलं. हा सगळा मजकूर अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘ओत्सुकारेसामा देस’ला ‘ओत्सुकारेसामा देस’, ‘योरोशिकु’ला ‘योरोशिकु’. ‘आत्सुइ देस ने’, म्हणजे उकडतंय नाही, याला ‘सोऽ देस ने’. भाषा येत नसतानाही हे निभतं ते याचमुळे: दोघंही पाठ असलेल्या वाटेने चाललेले असतात.

वाट सोडायची वेळ आली, हे मात्र बोलणाऱ्याला सहसा उशिरा कळतं. त्याचं कारण त्याने केलेलं चांगलं अभिवादन. स्वच्छ उच्चारातलं एक वाक्य ऐकलं, की समोरच्याला वाटतं याला जपानी येतं, आणि तो त्याच्या नेहमीच्या वेगाने पुढचं बोलू लागतो. जपानी भाषेच्या परीक्षेला एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत; एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. एन-१ झालेला दुभाषी बैठकीत असला तर प्रश्न नाही. एकही पायरी न चढलेला माणूस दोन शब्द बोलून गप्प बसतो, त्यामुळे तोही सुरक्षित. फसतो तो एन-४वाला. त्याला दहातले चार शब्द कळतात आणि उरलेल्या सहांचा तो अंदाज बांधतो.

अशीच फसगत एका टीमची झाली. वाहनातल्या एका नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरची चाचणीसाठीची आवृत्ती जुलैच्या सुरुवातीला द्यायची होती. अभिवादन छान झालं, उकाड्यावर दोन वाक्यं झाली, आणि त्याच ओघात ग्राहकाने तारीख सांगितली: ‘योक्का’. जपानीत महिन्याच्या पहिल्या दहा तारखांना खास नावं आहेत. चार तारीख ‘योक्का’, आठ तारीख ‘योऽका’. एकीत क वर थबकायचं, दुसरीत ओ लांबवायचा. पुण्याच्या अभियंत्याने खात्री करून घेतली, ही त्याची चूक नव्हे. त्याने विचारलं, ‘योका देस ने?’ त्याच्या ‘योका’मध्ये ना थबकणं होतं, ना लांबवणं. ग्राहकाच्या मनात चार तारीख होती, त्याने तीच ऐकली आणि म्हणाला, ‘हाइ’. अभियंत्याच्या मनात आठ होती, त्याने वहीत आठ लिहिली. चार तारखेला दुपारी नागोयाहून विचारणा आली, तेव्हा चाचणी-बाकावर तंत्रज्ञ येऊन बसलेले होते आणि पुण्यात अर्धं काम बाकी होतं.

त्या ‘हाइ’कडेही जरा बघायला हवं. ‘हाइ’ म्हणजे ‘हो’ असं पहिल्याच धड्यात शिकवतात, पण संभाषणात तो बहुतेक वेळा ‘ऐकतोय’ एवढंच सांगतो. आपल्या फोनवरच्या ‘हं, हं’सारखा. नकार तर क्वचितच नकाराच्या शब्दांत येतो. ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सुटतं, दातांमधून हवा आत ओढल्याचा आवाज येतो, किंवा ‘मुझुकाशिइ’, म्हणजे अवघड आहे, असं म्हटलं जातं. शब्दशः बघितलं तर अवघड गोष्ट करता येते. तिथे त्याचा अर्थ होणार नाही, असाच घ्यायचा असतो.

म्हणून इंग्रजीवर यायची जागा गोंधळ झाल्यावर नाही, त्याच्या आधीची आहे. पुढच्या वाक्यात तारीख, आकडा किंवा ‘होईल की नाही’ असा प्रश्न येणार असेल, तर त्या वाक्याच्या अलीकडेच भाषा बदलायची. त्यासाठी एक वाक्य पाठ असलं की पुरे: ‘कोको कारा वा एइगो दे ओनेगाइ शिमास’, इथून पुढे इंग्रजीत बोलू या. हे जपानीत म्हणण्यात गंमत आहे. समोरच्याला आपलं काही चुकलं म्हणून भाषा बदलली असं वाटत नाही. बोलणाऱ्याने स्वतःच्या जपानीची हद्द स्वतःच दाखवलेली असते. याच्या उलट, समोरच्यानेच अभिवादनाला इंग्रजीत उत्तर दिलं, तर तिथल्या तिथे इंग्रजीत जावं. त्यानंतरही जपानी रेटत राहणं म्हणजे त्याच्या वेळेत आपला गृहपाठ करणं. आणि चालू यंत्रणा बंद पडलेली असताना उकाड्याची चर्चा करायची नसते. एक अभिवादन, आणि थेट दोघांना समजेल त्या भाषेत कामाला लागायचं.

भाषा बदलली म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र नाही. इंग्रजी दोघांचीही उसनी आहे आणि दोघांनी ती वेगवेगळ्या दुकानांतून आणली आहे. आपल्याकडे ‘टेन्शन’ म्हणजे काळजी. जपानीत तोच शब्द ‘तेन्शोन’ होऊन उत्साह या अर्थाने रुळला आहे. तेन्शोन वर असलेला माणूस तिथे खुशीत असतो. ‘नो टेन्शन’ असा धीर दिल्यावर ग्राहक बुचकळ्यात का पडतो, हे यावरून समजावं. ‘क्लेम’चंही तसंच. जपानी कार्यालयात ‘कुरेऽमु’ म्हणजे ग्राहकाची तक्रार, त्यामुळे ‘अमुक दावा आहे’ या अर्थाने तो शब्द वापरला की पलीकडचे चेहरे गंभीर होतात. नकारार्थी प्रश्न हा आणखी एक सापळा. ‘अजून झालं नाही का?’ असं इंग्रजीत विचारलं, तर जपानी माणूस ‘येस’ म्हणतो, आणि त्याला म्हणायचं असतं, ‘हो, झालेलं नाही’. मराठीतही आपण असंच बोलतो, पण ऑफिसातल्या इंग्रजीत ती सवय विसरून त्या ‘येस’चा अर्थ ‘झालं’ असा लावतो. प्रश्न सरळ विचारला की ही भानगड राहत नाही: झालं का?

त्या फसगतीनंतर टीमने एकच बदल केला. बैठकीत ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी, सामाईक पडद्यावर, सर्वांसमोर टंकायची. जपानी सहकाऱ्यांची शाळेतली इंग्रजी बरीचशी वाचनातून आलेली असते. कानावरून निसटलेलं वाक्य त्यांच्या डोळ्यांना सापडतं, आणि चूक असेल तर ते लगेच सांगतात. तारीख लिहिण्यातही एक मेख आहे. `07/04` हे जपानी माणूस चार जुलै असं वाचतो, आपण सात एप्रिल. `2025-07-04` असं वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं, तर तो त्यांचा नेहमीचाच क्रम असतो आणि आपल्यालाही शंका राहत नाही. मोठ्या रकमा पूर्ण अंकांतच लिहाव्यात, कारण जपानी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्याने, ‘मान’ने, चालते, आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, आणि इंग्रजीतले मिलियन दोघांनाही मनातल्या मनात हिशेब करायला लावतात.

पडद्यावरचं लिखाण सर्वांनी वाचलं, की बैठक पुन्हा जपानीत येते. आता परत उत्तरं ठरलेली असतात. ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’ होतं, आणि निरोपाचं ‘शित्सुरेइ शिमास’, म्हणजे आगळीक होतेय, येतो. यानंतर पुण्याच्या बाजूने घाईने लाल बटण दाबू नये. ग्राहकाने आधी बाहेर पडायचं, अशी तिथली रीत आहे. तोवर मान थोडी लववून थांबायचं असतं.