चौदा पानांचा लेख आणि एक अर्ज
‘प्रति, मा. विभागप्रमुख, इतिहास विभाग. विषय: वाचनसाहित्य युनिकोड मजकुराच्या स्वरूपात मिळणेबाबत.’

समजा, हा अर्ज एम.ए.च्या अंशतः दृष्टिहीन विद्यार्थिनीचा आहे. वर्गाला चौदा पानी लेखाचा सारांश लिहायचा आहे आणि विभागाने लेखाची पीडीएफ पाठवली आहे. मग अडलं कुठे?

ती पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो आहेत. अक्षरं चारपट मोठी केली, की ओळीचा जेमतेम चौथा भाग पडद्यावर उरतो. प्रत्येक ओळ वाचायला पान उजवीकडे सरकवायचं, पुन्हा डावीकडे आणायचं आणि पुढची ओळ शोधायची. त्यात अर्थाचा धागा तुटतो. वर्ड फाइलमध्ये अक्षर वाढवलं, तर ओळ पडद्याच्या रुंदीत आपोआप मोडते. डोळे थकले, की एनव्हीडीएसारखं मोफत स्क्रीन रीडर ती फाइल वाचून दाखवतं. फोटोत मात्र त्याला वाचायला काहीच सापडत नाही.

सारांशाला तर एक वाचन पुरत नाही. लेखकाचा दावा कुठे, पुरावा कुठे, हे पाहायला पुन्हा पुन्हा मागे जावं लागतं. फाइलमध्ये ‘हेडिंग’ शैली वापरलेली असेल, तर स्क्रीन रीडरवर एका कळीने मथळ्यावरून मथळ्यावर जाता येतं. नुसत्या ठळक केलेल्या अक्षरांनी हे होत नाही.

मराठीत आणखी एक खोच आहे. जुन्या फाइली बऱ्याचदा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर ‘मराठा’ दिसतं, आत मात्र `ejkBk` अशी रोमन अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. त्यामुळे अर्जात ‘युनिकोड’ हा शब्द हवाच; नुसतं ‘टाइप केलेलं’ लिहून भागत नाही. पाठवणाऱ्याला तपासणी सोपी आहे: एखादा शब्द निवडून कॉपी करावा आणि ईमेलमध्ये फॉरमॅटिंगशिवाय, नुसता मजकूर म्हणून चिकटवावा. शब्द निवडताच आला नाही, तर तो फोटो. रोमन अक्षरं उमटली, तर जुना फॉन्ट.

फोटोतून मजकूर काढणारं ओसीआर उपयोगी आहे, पण दोन स्तंभांच्या पानावर ते कधी कधी डावी-उजवी ओळ जोडून टाकतं, तळटीप मधेच घुसते, रफार गळतो. ‘धर्म’चा ‘धम’ झाला, तर वाक्य लंगडतं. ते मूळ पानाशी ताडून पाहणं विद्यार्थिनीला सर्वांत जड, म्हणून ते काम ती विभागाकडे मागते.

विभागाला स्वामित्वहक्काची धास्ती वाटू शकते. पण 2012च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52मध्ये अपंग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत तयार करायला मुभा दिली आहे. हे कलम अर्जात नमूद केलेलं बरं.

शेवटचा परिच्छेद नेमका असावा: ‘सोबतच्या यादीतील तीन लेख वर्गात घेण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी मिळावेत. संदर्भ देता यावेत म्हणून मूळ पृष्ठक्रमांक मजकुरात ठेवावेत. तळटीपा शेवटी घ्याव्यात. तीनही एकदम शक्य नसल्यास पहिला लेख आधी पाठवावा.’