एका पानावर मावणारे कलन

कलनशास्त्राच्या प्रकरणात सूत्रांच्या कितीही चौकटी असल्या, तरी अवकलनाचे खरे नियम मोजकेच आहेत. xⁿ, eˣ, log x, sin x, cos x यांसारख्या मूळ फलनांचे अवकलज पाठ करावे लागतात. त्यांच्या जोडीला बेरजेचा, गुणाकाराचा आणि साखळी नियम एवढे पुरते. भागाकाराचा वेगळा नियम गाळला तरी चालतो, कारण u/v हा u·v⁻¹ असा गुणाकारच आहे.

अवकलनात निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. फलनाची रचनाच नियम सांगते. समाकलनात मात्र उलट वाट धरायची असते, आणि ती दरवेळी सापडतेच असे नाही. पानावर मात्र त्यासाठी नव्या सूत्रांची गर्दी नको. साखळी नियम उलटा वाचला की आदेश पद्धत मिळते, गुणाकाराचा नियम उलटा वाचला की खंडशः समाकलन: ∫u dv = uv − ∫v du.

निवड कशी करायची, हे सारख्या दिसणाऱ्या उदाहरणांतून चांगले कळते. ∫x·e^(x²) dx मध्ये घातांकात x² आहे आणि त्याचा अवकलज 2x, स्थिरांक सोडला तर, बाहेर हजर आहे. म्हणून t = x² घ्यावे; उत्तर ½e^(x²) + C. ∫x·eˣ dx मध्ये असे काही लपलेले नाही, तो साधा गुणाकार आहे. तिथे u = x घेतल्यास अवकलनाने x नाहीसा होतो आणि x·eˣ − eˣ + C हाती येते. u = eˣ घेतले असते, तर उरलेल्या समाकलात x² आला असता. नवे समाकल आधीपेक्षा अवघड झाले, तर निवड चुकली असे समजावे.

u कोणता घ्यावा यासाठी क्लासमध्ये ‘लायेट’ हा क्रम शिकवतात: लॉगरिदम, व्यस्त त्रिकोणमितीय, बीजगणितीय, त्रिकोणमितीय, घातांकी. तो बहुधा कामी येतो, पण डोळे मिटून वापरू नये. ∫x³·e^(x²) dx मध्ये तो u = x³ घ्यायला सांगतो; मग e^(x²) चे समाकल लागते, आणि ते नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही. अशी समाकले असतात हे फ्रेंच गणिती जोसेफ ल्यूव्हिल यांनी १८३०च्या दशकात सिद्ध केले. इथे आधी t = x² घेतले की ½∫t·eᵗ dt उरते. ते खंडशः सोडवून पुन्हा x आणला, की ½(x² − 1)e^(x²) + C.

तेव्हा क्रम असा: आधी बैजिक सोपे रूप, मग आतल्या फलनाच्या अवकलजाचा शोध, तो नसेल तर खंडशः. बहुपदींचा भागाकार असेल आणि आदेश लागू पडत नसेल, तर आंशिक अपूर्णांक. पण अंशाची कोटी छेदापेक्षा कमी नसेल तर आधी भागाकार करावा लागतो. शेवटी उत्तराचे अवकलन करून मूळ फलन परत येते का, हे पाहावे. वरच्या उत्तराचे अवकलन x·e^(x²) + (x² − 1)·x·e^(x²) होते, म्हणजेच x³·e^(x²).