मागे वळून पाहायचं नाही

स्कूटरचं चाक खड्ड्यात आदळतं आणि मनात शंका येते, "आपल्या चाकाखाली कुणी आलं तर नाही ना?" बहुतेकांची ही शंका पुढच्या वळणापर्यंत विरून जाते. आता एका शिक्षकाचं उदाहरण घेऊ. हा माणूस कल्पित आहे, पण त्याची तक्रार मनोविकारतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची आहे. खड्डा लागला की तो गाडी वळवून परत जातो. रस्त्यावर कुणी पडलेलं नाही, रक्त नाही, गर्दीही नाही. जिवाला हायसं वाटतं. पण निघताना दुसरी शंका येते, "जखमी माणूस बाजूच्या गटारात पडला असेल तर?" मग पुन्हा फेरी. वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागू लागतो. घरी आल्यावर तो मडगार्ड तपासतो, बायकोला विचारतो, "कुणाला लागलं नसेल ना गं?" आणि सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधतो.

याला ओसीडी म्हणतात, जुन्या मराठीत मंत्रचळ. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याने जीव घाबरा होतो आणि ती घालमेल शमवण्यासाठी काहीतरी कृती करावीच लागते. रस्त्यावर कुणी नव्हतं हे या शिक्षकाला कळतं. पण कळूनही खात्री वाटत नाही, आणि त्याची सगळी होरपळ तिथेच आहे. त्याला "समजावून" सांगण्याचा काही उपयोग होत नाही, कारण समज त्याच्याकडे आधीपासून आहे.

मग अडतं कुठे? डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर मेंदूचा जो पुढचा भाग असतो, त्याला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. एखादी गोष्ट किती धोक्याची, किती मोलाची, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तिथून संदेश मेंदूच्या खोलवर असलेल्या बेसल गँगलिया या केंद्रांच्या समूहाकडे जातो. समूहाच्या तोंडाशी असलेला कॉडेट तो संदेश घेतो. पुढे थॅलॅमस हे केंद्र लागतं आणि तिथून संदेश पुन्हा कॉर्टेक्सकडे परततो. असं हे वर्तुळ आहे. थॅलॅमसला एरवी दरवाजा ओढून धरावा तसं दाबून ठेवलेलं असतं आणि तो दाबणारा हात ग्लोबस पॅलिडस नावाच्या केंद्राचा असतो. कॉडेटमधून निघणारी एक वाट हा हात सैल करते, म्हणजे दरवाजा उघडून संदेश परत वर जातो. दुसरी, जरा वळणाची वाट तो हात घट्ट करते. दोन्ही वाटांचा तोल असेल तर "धोका पाहिला, झालं, पुढे चला" असं होतं. ओसीडीत उघडणारी वाट वरचढ ठरते आणि "अजून काहीतरी बरोबर नाही" हा इशारा वर्तुळात फिरत राहतो, असं गेली काही दशकं मानलं जातं.

हा अंदाज नुसता कागदावरचा नाही. लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या लॉस एंजलिसमधल्या सहकाऱ्यांनी १९८७ साली पेट स्कॅनने रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा याच पुढच्या भागात आणि कॉडेटमध्ये साखरेचा वापर वाढलेला दिसला. १९९२ साली त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली. काही रुग्णांना फ्लुओक्झेटिन हे औषध दिलं, काहींवर फक्त वर्तनोपचार केले. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला, त्यांच्या उजव्या कॉडेटमधली धावपळ कमी झाली होती. शिवाय उपचारांआधी पुढचा भाग, कॉडेट आणि थॅलॅमस यांच्या हालचाली एकमेकांशी बांधल्यासारख्या होत्या. गुण आल्यावर ही बांधणी सुटली. गोळीने जिथे फरक पडला, तिथेच नुसत्या सरावानेही पडला! मला तर हा या आजाराच्या इतिहासातला सर्वांत दिलासा देणारा शोध वाटतो.

तरी हे चित्र सरळसोट नाही. २०१३ साली एका प्रयोगात उंदरांच्या याच वाटेला प्रकाशाने रोज थोडा वेळ चेतवलं, तर ते काही दिवसांत स्वतःचं अंग अतोनात साफ करू लागले. त्याच सुमारास दुसऱ्या प्रयोगात, अंग साफ करत राहणाऱ्या उंदरांमध्ये पुढच्या भागाकडून येणारी शेजारचीच एक वाट चेतवली, तर त्यांचा तो चाळा थांबला. म्हणजे प्रश्न केवळ वर्तुळ "जोरात" चालण्याचा नाही, कोणती वाट जोरात आहे याचाही आहे. शिवाय स्कॅनमधले फरक गटांच्या सरासरीचे असतात. एका माणसाचा स्कॅन पाहून ओसीडी ठरवता येत नाही. त्याचं निदान प्रश्न विचारूनच होतं.

औषधांत एसएसआरआय गटातली औषधं पहिली. नैराश्यात फ्लुओक्झेटिन बऱ्याचदा २० मिलिग्रॅमवर भागतं, ओसीडीत ते हळूहळू ४० ते ६०, कधी ८० मिलिग्रॅमपर्यंत न्यावं लागतं, आणि गुण येतोय की नाही हे ठरवायला आठ ते बारा आठवडे लागतात. अनेकजण तिसऱ्या आठवड्यातच "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडतात. हा उपचार बहुधा तिथेच फसतो. डोस वाढवणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्याच हाती असावं.

वर्तनोपचाराचा पाया लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली घातला. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, असं त्याचं सूत्र आहे. आपल्या शिक्षकासाठी उपचारतज्ज्ञ आधी पायऱ्या लिहून काढतील. रिकाम्या मैदानात खडबडीत जागेवरून गाडी नेणं ही खालची पायरी. गर्दीच्या बाजारातून, संध्याकाळी, खड्ड्यांच्या रस्त्याने जाणं ही वरची. प्रत्येक वेळी नियम तोच: गाडी वळवायची नाही, आरशात पुन्हा पाहायचं नाही, घरी मडगार्ड तपासायचं नाही. खरोखर कुणी पडलेलं दिसलं किंवा ओरडणं ऐकू आलं तर अर्थातच थांबायचं. नियम फक्त "कदाचित" साठी आहे.

इथे एक फसगत होते. तो गाडी वळवत नाही, पण पुढे जाताना मनातल्या मनात मघाचा क्षण पुन्हा पुन्हा पाहतो: चाक कुठे होतं, सायकलवाला कुठे होता. हीसुद्धा तपासणीच. किंवा मागे तज्ज्ञ बसले आहेत, काही झालं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असा आधार घेतो. हे ओळखायची खूण म्हणजे घरी येऊन तो म्हणतो, "आज नक्की काही झालं नाही." उपचार लागू पडत असेल तर वाक्य वेगळं असतं: "झालंही असेल, मला माहीत नाही, आणि मी बघायला जाणार नाही." सुरुवातीला हे म्हणताना घाम फुटतो. पण कृती न करताही घालमेल ओसरते, आणि ओसरली नाही तरी ती सोसता येते, हे मेंदू अशाच फेऱ्यांतून शिकतो.

बायकोची भूमिका नाजूक. "नाही हो, कुणाला लागलं नाही," हे ती मायेने म्हणते, पण ते उत्तर म्हणजे आणखी एक फेरी. तज्ज्ञ तिला सरावासोबत दुसरं वाक्य शिकवतात: "तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय मला. पण या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय." हे त्याच्या संमतीनेच, आधी बोलून ठरवलेलं असावं लागतं. एकदम तोंड बंद केलं तर ती शिक्षा वाटते.

औषधं आणि सराव दोन्ही मनापासून करूनही काहींना पुरेसा गुण येत नाही. अगदी तीव्र आणि कशालाही न बधणाऱ्या आजारात याच वर्तुळात बारीक तारा बसवून विद्युतप्रवाह दिला जातो. त्याचा पहिला अहवाल बेल्जियमच्या डॉक्टरांनी १९९९ साली दिला. ही मोजक्या रुग्णांसाठीची शस्त्रक्रिया आहे.

गुण आल्यावरही जुनी भीती पुसली जात नाही. नवी शिकवण तिच्या शेजारी उभी राहते, इतकंच. म्हणून झोप उडाली, घरात आजारपण आलं, बदली झाली की ती डोकं वर काढते. तशा वेळी शिक्षकाने उपचार वाया गेले असं न समजता त्याच आठवड्यात तीच बाजाराची वाट धरावी आणि मागे न वळता घरी यावं. बंद केलेलं औषध पुन्हा लागेल का, हे डॉक्टरांना विचारावं.